क्लेम दाबण्याआधी

मी देवगाव रंगारीचा, नोकरी सॉफ्टवेअरची. संध्याकाळी घरूनच इंग्रजी-मराठी अनुवादाची फुटकळ कामं करतो. परवा रांगेत एकदम दोन कामं दिसली. पहिलं पंपाच्या माहितीपुस्तिकेचं: 1,200 शब्द, शब्दाला 80 पैसे, मुदत 4 तास. दुसरं विमा पॉलिसीचं: 500 शब्द, शब्दाला 1.20 रुपये, मुदत 24 तास.

मोह पहिल्याचाच, 960 रुपये! पण तासाचा हिशोब बघा. पंपाची भाषा सवयीची, तासाला 300 शब्द होतात. म्हणजे 4 तास, तासाला 240. विम्यात तासाला 200च होतात. अडीच तासांत 600 रुपये, म्हणजे तासाला तेवढेच 240.

मग फरक कुठे? पहिल्यात मुदत आणि काम दोन्ही 4 तास. लाईट गेली की संपलं. मागे एकदा दहा मिनिटं उशीर झाला, स्कोअर घसरला आणि बरेच दिवस चांगली कामं दिसलीच नाहीत.

दुसऱ्यातही मेख आहे. आमच्याकडे मोठ्या चुकीला 5 गुण कापतात, हजार शब्दांच्या मापाने. तीच चूक 1,200 शब्दांत चारच्या आसपास पडते, 500 शब्दांत थेट 10. ‘30 दिवसांच्या आत’चं ‘30 दिवसांनंतर’ झालं की खेळ खलास.

तरी मी विमाच घेतला. रात्री अनुवाद केला, सकाळी ताज्या डोळ्यांनी फक्त आकडे, तारखा आणि नकार तपासले. एक ‘नाही’ सुटलं होतं. रात्रीच पाठवलं असतं तर?