डॉक्टर, सुई मारा ना
(डोंगरी, भाईंदर पश्चिम येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी या विषयात पडलो, याचं कारण माझी अम्मी. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला, अंग ठणकत होतं. मी तिला घेऊन जवळच्या एका छोट्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्या लिहायला घेतल्या, तोच अम्मी म्हणाली, "डॉक्टर, सुई मारा ना. गोळीनं काय होतंय?" डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाहेर बाकावर बसलेल्या गर्दीकडे पाहिलं, आणि सुई मारली.

फोडलेली काचेची कुपी ट्रेमध्ये पडली होती. लेबल वाचायची मला सवय आहे. त्यावर पॅरासिटामॉल लिहिलं होतं, १५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, कुपी २ मिलिलिटरची. म्हणजे झाले ३०० मिलिग्रॅम. घरी आमच्या कपाटात त्याच औषधाची ५०० ची गोळी होती. म्हणजे अम्मीनं हट्ट करून, जास्त पैसे देऊन आणि कंबर दुखवून घेऊन जे घेतलं, ते घरातल्या गोळीपेक्षा कमी होतं!

हे मी घरी सांगितलं तर कुणी मानेना. "पण सुई थेट रक्तात जाते ना?" अब्बा म्हणाले. कमरेत किंवा दंडात दिलेली सुई थेट रक्तात जात नाही. ती स्नायूत जाते आणि तिथून हळूहळू रक्तात उतरते. गोळी पोटातून आतड्यात जाते आणि तीही रक्तातच उतरते. पॅरासिटामॉलच्या गोळीतला बहुतेक भाग असा रक्तात पोचतो आणि अर्ध्या ते एका तासात गुण येऊ लागतो. रक्तात पोचल्यावर औषध कुठल्या दारानं आलं, हे शरीर विचारत नाही. काही दुखण्याच्या सुया गोळीपेक्षा थोड्या लवकर लागू होतात, हे खरं आहे. पण साध्या तापात त्या पाऊण तासासाठी सुई टोचून घेण्यात काही अर्थ नाही.

मग "सुईनंच बरं वाटतं" हा अनुभव येतो कुठून? बहुतेक विषाणूंचे ताप तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतात. आपण दवाखान्यात जातो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे ताप उतरायच्या बेतात असतानाच. सुई मारली, दुसऱ्या दिवशी ताप गेला, आणि श्रेय सुईला मिळालं. दुसरं कारण जरा काळजीचं आहे. काही ठिकाणी सुईत डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड मिसळलं जातं. त्यानं तरतरी येते आणि भूक लागते. आजार मात्र तिथंच राहतो, फक्त झाकला जातो. मधुमेह असेल तर साखर चढते ती वेगळीच. लाल रंगाची "ताकदीची" सुई बहुतेक वेळा बी गटातल्या जीवनसत्त्वांची असते. ज्याच्या शरीरात त्यांची कमतरता नाही, त्याला तिचा काही उपयोग नाही.

दोष सगळा डॉक्टरांचा नाही. सुई दिली नाही तर पेशंट पुढच्या गल्लीत जातो, हे त्यांना माहीत असतं. आणि सुईचे पैसे वेगळे मिळतात, हेही आहेच. पुण्याच्या एका संशोधन संस्थेसाठी डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या औषध-चिठ्ठ्या तपासल्या, तेव्हा अनावश्यक इंजेक्शनं हा त्यातला ठळक दोष निघाला. म्हणजे ही फक्त आपल्या वस्तीची गोष्ट नाही.

फुकट गेली तर गेली, त्रास काय, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे पावसाळ्यात डेंगी येतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात. अशा माणसाला स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळू शकतं. त्यातच ती डायक्लोफेनॅकची असेल तर रक्तस्राव आणखी वाढू शकतो. म्हणून डेंगीची शंका असेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉलची गोळी आणि भरपूर पाणी. ताप पहिल्या दिवशी आला, तर तो डेंगीचा आहे की साधा, हे चेहरा पाहून कुणालाच सांगता येत नाही. कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचल्यानं पायाची नस दुखावून पंजा लुळा पडल्याच्याही घटना होतात.

आणि सुई एकाची दुसऱ्याला वापरली तर? उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला २०१८ साली एचआयव्हीची एकदम इतकी प्रकरणं निघाली, की फिरत्या भोंदू डॉक्टरच्या सुईवर बोट गेलं. पुढच्याच वर्षी पाकिस्तानात रतोडेरो इथं शेकडो लोकांना लागण झाल्याचं उघड झालं, त्यात बहुतेक लहान मुलं होती. म्हणून सुई घ्यावीच लागली तर सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फाडायला सांगा. यात कुणाचा अपमान नाही.

रमजानमध्ये आणखी एक कारण पुढं येतं. गोळी घेतली तर रोजा तुटेल, म्हणून सुई द्या. ताकद न देणाऱ्या सुईनं रोजा तुटत नाही असं बरेच उलेमा सांगतात, म्हणून ही मागणी होते. पण आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कझा करायची सवलत आहे, हेही आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि आजार हलका असेल, तर दिवसातून दोनदा घ्यायचं औषध इफ्तार आणि सेहरीला बसतं का, एवढं डॉक्टरांना विचारता येतं.

आता सुई खरंच लागते कधी? तोंडावाटे काही टिकत नसेल, सारखी उलटी होत असेल, माणूस बेशुद्ध असेल. औषध पोटात गेल्यावर नष्ट होत असेल, जसं इन्सुलिन. एखाद्या गोष्टीची तीव्र ॲलर्जी येऊन घसा आवळत असेल, तेव्हा अ‍ॅड्रेनॅलिनची सुई मांडीत मिनिटांत जायला हवी. गंभीर मलेरिया, सर्पदंश, रक्तात पसरलेला संसर्ग, यात गोळीची वाट बघायची नाही, सरळ मोठं रुग्णालय गाठायचं. आणि बहुतेक लसी अर्थातच सुईनेच द्यायच्या असतात.

गंमत अशी, की सर्दीला सुई मागणारे आपण नेमक्या या जागी हलगर्जी होतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला कुत्रा चावला. घरच्यांनी हळद लावली आणि धनुर्वाताची एक सुई देऊन आणली. "सुई झाली," म्हणाले. पण धनुर्वाताची सुई रेबीज थांबवत नाही. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, मग रेबीजची लस. चामडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. त्याची अम्मी आणि मी त्याच संध्याकाळी त्याला सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. तिसऱ्या डोसला तो रडला आणि विचारलं, "भाईजान, याची गोळी नाही का मिळत?" याची नाही मिळत, म्हटलं. चौथ्यालाही नेला.