माळ, एकादशी आणि पंगत

गळ्यात तुळशीची माळ पडली की मटण-दारू सुटते, एकादशीला उपास आणि द्वादशीला पारणं. ही वारकऱ्याची वेस. पण माळ घालून कुणालाही आत येता येतं.

दुसरी वेस जातीची. इरावती कर्वे ज्ञानोबांच्या पालखीसोबत चालल्या. 'वाटचाल' लेखात त्यांनी लिहिलं, एकाच दिंडीत भजन एकत्र, पण ब्राह्मण-मराठ्यांची जेवणं वेगळी. माळ घालताना असा नियम कुणी देत नाही. काल्याला तर आपण एकमेकांच्या मुखी घास घालतो.

मग ओळखायचं कसं? ज्यात स्वतःचा घास सोडावा लागतो, तो नेम व्रताचा. ज्यात दुसऱ्याला पंगतीतून उठवावं लागतं, तो जातीचा. चुडाव्याच्या दिंडीनं पहिला पाळावा, दुसरा चंद्रभागेत सोडावा.