एका गोणीला किती पाणी?

घरचा स्लॅब पडतो त्या दिवशी आपण सिमेंटच्या गोण्या मोजतो, सळई मोजतो. पाणी मात्र मिक्सरवाल्याच्या अंदाजावर सोडतो. आज मला त्या पाण्याबद्दलच बोलायचं आहे.

१९१८ साली शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी दाखवून दिलं की चांगल्या दाबून बसवलेल्या काँक्रीटची ताकद मुख्यतः एका प्रमाणावर ठरते: पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के पाणी पुरतं. उरलेलं पाणी माल सरकावा म्हणून घातलेलं असतं. ते पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. जितकं पाणी जास्त, तितक्या पोकळ्या जास्त.

आता एम-२० घेऊ, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद. सगळेच क्यूब सारखे येत नाहीत, म्हणून इंजिनिअर सरासरी २६.६ धरून मिश्रण ठरवतो. आय. एस. ४५६ मध्ये ठरीव मिश्रणाच्या कोष्टकात या प्रतीला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलं आहे. पण सळई गंजू नये म्हणून त्याच संहितेत सौम्य हवामानासाठी ०.५५ ची मर्यादाही आहे. म्हणजे ५० गुणिले ०.५५, साडेसत्तावीस लिटर. मी हाच आकडा धरायला सांगेन. कोकणात, खाऱ्या वाऱ्याला उघड्या असलेल्या बांधकामाला प्रत एम-३० आणि प्रमाण ०.४५ लागतं. तिथे साडेबावीस लिटर.

पण हे साडेसत्तावीस लिटर सगळेच्या सगळे बादलीने ओतायचे नाहीत, आणि इथेच बहुतेक साइटवर चूक होते. एका गोणीला सुमारे ८० किलो वाळू लागते. पावसात भिजलेल्या वाळूत पाच टक्के पाणी असलं तरी चार लिटर पाणी आधीच मिक्सरमध्ये गेलेलं असतं. तेव्हा वरून साडेतेवीसच घालायचे. उलट उन्हात तापलेली कोरडी खडी पाणी पिते. दीडशे किलो खडीने एक टक्का शोषलं तर दीड लिटर वाढवावे लागतात.

माल घट्ट वाटला की पाच लिटर वाढवले जातात. प्रमाण ०.६५ होतं आणि अब्राम्सच्या सूत्राने ताकद साधारण पावपट घटते. ओळखायचं कसं? ओतल्यावर वर पाणी साचतं, खडी खाली बसते, आणि काही दिवसांनी पृष्ठभाग हाताने घासला तर पावडर निघते. माल घट्ट वाटला तर उपाय म्हणजे प्लॅस्टिसायझर. पाणी वाढवायचंच असेल, तर सिमेंटही त्याच प्रमाणात वाढवा. नुसतं पाणी वाढवू नका.

तेव्हा पुढच्या स्लॅबच्या दिवशी लिटरच्या खुणा असलेली बादली मिक्सरपाशी ठेवायला सांगा, आणि गोणीमागे किती पाणी पडलं ते स्वतः विचारा.