छातीच्या एक्स-रेची शेवटची ओळ

हल्ली एक्स-रेचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो आणि डॉक्टर भेटतात दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या रात्री घरातले सगळे मिळून तो वाचत बसतात. वरच्या चार-पाच ओळी कुणाच्याच डोक्यात शिरत नाहीत. खाली ‘इम्प्रेशन’ लिहिलेलं असतं आणि त्यापुढे एकच वाक्य : ‘नो अ‍ॅक्यूट अ‍ॅबनॉर्मॅलिटी’. हे वाचून बऱ्याच जणांची झोप उडते. सगळं ठीक असेल तर सरळ ‘नॉर्मल’ का नाही लिहिलं?

साठीच्या एक बाई हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. दहा दिवसांचा खोकला आणि वर दोन दिवसांचा ताप. न्यूमोनिया तर नाही ना, हे पाहायला मी एक्स-रे काढायला सांगितला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा, महाधमनीच्या कमानीवर थोडं कॅल्शियम, मणक्यांत वयोमानानुसार बदल, नो अ‍ॅक्यूट अ‍ॅबनॉर्मॅलिटी. बाई खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाल्या, “डॉक्टर, अ‍ॅक्यूट नाही म्हणजे जुनाट काहीतरी आहेच ना?”

बाईंनी रिपोर्ट नीट वाचला होता, यात शंका नाही. फक्त रात्रभर त्याचा अर्थ भलतीकडे गेला होता.

‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे गंभीर, असं आपल्याला वाटतं. डॉक्टरांच्या बोलण्यात तो काळाचा हिशेब असतो. अ‍ॅक्यूट म्हणजे नुकतंच सुरू झालेलं, काही तासांपूर्वीचं किंवा काही दिवसांपूर्वीचं. मी एक्स-रेच्या चिठ्ठीवर ‘ताप, खोकला’ असं लिहून पाठवलं, तेव्हा रेडिओलॉजिस्टला विचारलेला प्रश्न असा होता : हा त्रास होईल असं छातीत नवं काही दिसतंय का? शेवटची ओळ हे त्या प्रश्नाचं उत्तर असतं.

ते देण्यापूर्वी रेडिओलॉजिस्ट काय पाहतो, तेही सांगतो. हवा एक्स-रेवर काळी दिसते, म्हणून हवेनं भरलेलं फुफ्फुस काळपट दिसतं. न्यूमोनियात हवेच्या जागी पू आणि पाणी साचतं, तिथे पांढुरका ठिपका उमटतो. तो कुठे आहे का? छातीची भिंत आणि पडदा जिथे मिळतात, तिथे दोन्ही बाजूंना टोकदार कोपरे असतात. छातीत पाणी झालं की ते कोपरे बोथट होतात. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत हे कळायला साधारण दोनशे मिलिलीटर पाणी साचावं लागतं. फुफ्फुस फुटून हवा बाहेर आली आहे का? हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त आहे का? हृदय थकल्यामुळे फुफ्फुसात पाणी चढलंय का? बाईंच्या एक्स-रेत यातलं काहीच नव्हतं. ज्या न्यूमोनियासाठी एक्स-रे काढला, तो दिसत नव्हता.

मग ‘नॉर्मल’ का नाही लिहिलं? कारण वीस वर्षांच्या मुलाची छाती जशी कोरी दिसते, तशी साठीतली दिसत नाही आणि खोटं लिहिणं रेडिओलॉजिस्टला जमत नाही. महाधमनीवर कॅल्शियम चढतं, मणक्यांना कंगोरे येतात. आणि तो ग्रॅन्युलोमा, ज्याने बाईंना रात्रभर जागवलं, तो म्हणजे जुन्या संसर्गाची खूण. आपल्याकडे टीबीचे जंतू कित्येकांच्या फुफ्फुसात कधी ना कधी शिरलेले असतात. शरीर त्यांना घेरतं, कोंडतं आणि वर्षानुवर्षांत त्या जागी चुन्याची गाठ बनते. माणसाला बहुतेकदा आपण आजारी होतो याचाही पत्ता नसतो. दंडावर देवीच्या लशीचा वण राहतो, तशीच ही खूण आयुष्यभर राहते.

आता बाईंनी विचारलं, “पण ती खरंच जुनी कशावरून?” त्यांना पाच-सहा वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी एक एक्स-रे काढलेला आठवत होता. मुलाने कपाटातून तो शोधून आणला. दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी प्रकाशाच्या खोक्यावर लावल्या. तीच जागा, तोच आकार, तसाच पांढरा ठिपका. बाईंनी स्वतः बोट ठेवून पाहिला. माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्यापेक्षा त्या जुन्या फिल्मने जास्त काम केलं. म्हणून सांगतो, जुने एक्स-रे रद्दीत टाकू नका, दुमडूही नका. दर वेळी सोबत न्या.

या ओळीला मर्यादाही आहेत आणि त्या मी लपवणार नाही. एक्स-रे म्हणजे छातीची सपाट सावली. हृदयाच्या मागे, गळ्याच्या हाडांखाली आणि पडद्याच्या घुमटाआड फुफ्फुसाचा बराच भाग दडलेला असतो. तिथली लहानशी गाठ निसटू शकते. न्यूमोनिया पहिल्या एक-दोन दिवसांत दिसेलच असं नाही. दम्याच्या रुग्णाचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ असतो. हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा साध्या एक्स-रेत दिसत नाही, आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असली तरी फिल्म साफ असू शकते. म्हणूनच बऱ्याच रिपोर्टांत ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या तक्रारीशी हे जुळवून पाहावं. हात झटकण्याची ती युक्ती नव्हे, जरी मलाही कधीकधी ती तशी वाटते.

बाईंचं पुढे काय झालं? त्यांना श्वासनलिकेचा साधा दाह होता. ताप लगेच उतरला. असा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी दोन आठवडे उलटल्यावर त्यांची थुंकी तपासून घेतली. आपल्याकडे दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर एक्स-रे साफ असो वा नसो, टीबीसाठी थुंकी तपासायची, असा नियम आहे. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. बाईंच्या थुंकीत जंतू नव्हते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस खोकलाही गेला. “दर महिन्याला एक्स-रे काढू का?” असं त्यांनी जाताना विचारलं. मी नको म्हणालो. न बदलणाऱ्या खुणेचे पुन्हा पुन्हा फोटो काढून काही हाती लागत नाही.

तेव्हा तुमच्या रिपोर्टवर ही ओळ असेल तर रात्री शांत झोपा आणि सकाळी ठरल्या वेळी डॉक्टरांना भेटा. पण ताप पुन्हा चढला, थुंकीतून रक्त आलं, कारण नसताना वजन उतरू लागलं किंवा दम वाढला, तर रिपोर्ट साफ होता म्हणून घरी बसू नका. आणि छातीवर दाब येऊन घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर सकाळचीही वाट पाहू नका. एक्स-रे काल काढला असो वा आज, ताबडतोब जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या.