पुटकुळी काढा, कातडी ठेवा



लग्नसराई लागली की सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, फोटोवाल्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. "दादा, एवढी पुटकुळी तेवढी काढा." पुटकुळी निघतेही. पण अल्बम हातात येतो तेव्हा पुटकुळीबरोबर नवरीची कातडीही गेलेली असते. गाल, कपाळ, हनुवटी सगळं एकाच रंगाचं, सपाट. सासरची मंडळी कौतुक करतात आणि मुलीची आई मात्र फोटो जरा लांब धरून बघत राहते. आज बोलायचंय ते एवढ्यावरच. चेहऱ्यावरची पुटकुळी, व्रण किंवा चुकार केस काढताना कातडी जागेवर कशी ठेवायची?

हे काम संगणकाच्या फार आधीचं आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या जमान्यात स्टुडिओत टचिंगचं एक उतरतं टेबल असायचं. दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड घ्यायचा आणि लांब टोक काढलेली कडक शिसपेन्सिल हातात धरायची. निगेटिव्ह गुळगुळीत, तिच्यावर शिसं बसत नाही, म्हणून आधी एक चिकट द्रावण चोळून ती खरखरीत करून घ्यायची. पुटकुळी लाल असते आणि जुन्या फिल्मला लाल रंग नीट दिसत नसे. त्यामुळं छापलेल्या फोटोत ती काळी पडायची आणि निगेटिव्हवर तिच्या जागी फिकट ठिपका दिसायचा. कारागीर त्या ठिपक्यात पेन्सिलीच्या बारीक, वळणदार रेघा भरायचा. ठिपका एकदम काळा करून टाकायचा नाही. रेघा फिल्मच्या कणांत मिसळून गेल्या पाहिजेत, नाहीतर छापल्यावर तिथं पांढरा डाग उठायचा. पांढरट व्रणाचं काम याच्या उलटं. तो निगेटिव्हवर गडद दिसतो, तिथं पेन्सिल काय करणार? मग धारदार पात्यानं हलकं खरवडायचं किंवा फोटो छापून झाल्यावर ब्रशनं रंगाचे ठिपके द्यायचे. यात हात चुकला तर निगेटिव्ह कायमची गेली. आज एक बटण दाबून मागं येता येतं, म्हणून हात जास्तच सैल सुटतो असं माझं मत आहे.

आता संगणकावर या. फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे 2002 साली, हीलिंग ब्रश नावाचं साधन आलं. अडोबी कंपनीतल्या तोडोर गिओर्गिएव्ह या संशोधकाचं गणित त्यामागं आहे. त्याआधी होता क्लोन स्टॅम्प. तो एका जागेची कातडी उचलून दुसऱ्या जागी जशीच्या तशी चिकटवतो. पण गालावर उजेड जागोजागी बदलत जातो, त्यामुळं चिकटवलेला तुकडा वेगळा कळतो. हीलिंग ब्रश शेजारच्या चांगल्या कातडीतून फक्त पोत उचलतो, म्हणजे छिद्रं, बारीक लव, रेषा. रंग आणि उजेड-सावली मात्र तो जिथं लावायचंय त्या जागेच्या कडेवरून घेतो. चांगला रफूवाला धागा त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढतो, तसं हे काम आहे. 2005 साली स्पॉट हीलिंग ब्रश आला. तो पोत कुठून घ्यायचा ते स्वतःच ठरवतो. गिम्प या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हील नावाचं हेच साधन आहे, आणि मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये हीलिंग आहे.

मग फोटो सपाट का होतात? कारण बरेच जण हे साधन वापरतच नाहीत, अख्ख्या चेहऱ्यावर ब्लर फिरवतात. थोडा हिशोब करू. समजा 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं नवरीचा कमरेपर्यंतचा उभा फोटो काढलाय. चित्राची उंची 6000 पिक्सेल. त्यात 20 सेंटिमीटरचा चेहरा साधारण 2000 पिक्सेल व्यापतो, म्हणजे एका सेंटिमीटरला 100 पिक्सेल. चार मिलिमीटरची पुटकुळी झाली 40 पिक्सेलची आणि कातडीवरचं छिद्र जेमतेम तीन ते पाच पिक्सेलचं. पुटकुळी विरघळेल इतका ब्लर दिला तर छिद्रं त्याच्या कितीतरी आधी पुसली जाणार. पुटकुळीला लागणारं औषध सगळ्या कातडीला देण्यासारखं हे झालं.

याच फोटोवर काम करू. हनुवटीच्या डाव्या बाजूला एक पुटकुळी आहे. आधी मूळ चित्रावर एक रिकामा लेयर घ्यायचा, आणि हीलिंग ब्रशला सांगायचं की पोत खालच्या चित्रातून घे पण काम या रिकाम्या लेयरवर कर. मूळ फोटो तसाच राहतो. ब्रश 50 पिक्सेलचा, पुटकुळीपेक्षा थोडासाच मोठा. ब्रशची कड कडक ठेवायची, 80 टक्क्यांच्या पुढं. इथं बहुतेकांचा समज उलटा असतो. मऊ ब्रश चांगला मिसळेल असं त्यांना वाटतं. पण मिसळण्याचं काम हे साधन स्वतःच करतं. वर आणखी मऊ कड दिली की नवा आणि जुना पोत अर्धा-अर्धा मिसळून पुटकुळीभोवती एक धुरकट कडं तयार होतं.

पोत कुठून घ्यायचा हे खरं कसब. अगदी शेजारून घ्यायचा आणि उजेड त्याच बाजूनं पडतोय तिथूनच. नाकाजवळची छिद्रं मोठी असतात, कानाकडं जाताना ती बारीक होतात, कपाळावर आडव्या रेषा असतात. म्हणून हनुवटीवर कपाळाची कातडी बसत नाही. दुसऱ्या गालावरूनही घेऊ नका. उजेड डावीकडून असेल तर प्रत्येक छिद्राची इवलीशी सावली एका ठरावीक बाजूला पडते, आणि गालाच्या वळणाबरोबर ती बदलते. उलट सावल्यांचा तुकडा बसवला की ती जागा खटकते, का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. एकाच जागेवरून तीन-चार वेळा पोत उचलला तर एकसारखी छिद्रं जवळजवळ दिसू लागतात. तेही टाळायचं.

पुटकुळी गेली तरी भोवतालची लाली राहते. इथं ब्रश मोठा करायचा मोह होतो. तो आवरा. लाली हा रंगाचा प्रश्न आहे, पोताचा नाही. आणखी एक लेयर घ्या, त्याचा प्रकार कलर ठेवा, शेजारच्या चांगल्या कातडीचा रंग उचला आणि मऊ ब्रशनं दहा-पंधरा टक्के जोरानं हलके हात द्या. कलर लेयर फक्त रंग बदलतो, उजेड-सावलीला हात लावत नाही. म्हणून छिद्र न् छिद्र जागेवर राहतं.

आता गालावर आलेला चुकार केस. तो फोटोत एक-दोन पिक्सेलच रुंद असतो, त्याला पाच-सहा पिक्सेलचा ब्रश पुरे. एका दमात लांब ओढ काढू नका, तुकड्या-तुकड्यानं केसाच्या वाटेनं जा. पण हाच केस जबड्याच्या कडेवरून मागच्या पडद्यावर गेला असेल, किंवा कपाळावर कुंकवाला लागून असेल, तर तिथं हीलिंग ब्रश थांबवा. तो कडेवरून रंग घेतो हे मघाशी सांगितलं. कुंकवाच्या कडेला तो कातडीत लाल रंग ओढतो, जबड्याच्या कडेला पडद्याचा काळा रंग गालात शिरतो आणि मळकट डाग पडतो. अशा ठिकाणी जुना क्लोन स्टॅम्पच बरा. आपल्याकडं मळवट भरलेले, भंडारा लागलेले चेहरे फोटोत फार, त्यामुळं ही अडचण रोजची आहे.

काम जमलं की नाही ते कसं ओळखायचं? चित्र शंभर टक्क्यांवर बघा, मग अख्खं पडद्यावर मावेल एवढं लहान करून बघा. लहान चित्रात जिथं डाग उठून दिसतो तिथं रंग किंवा उजेड चुकलाय. शंभर टक्क्यांत जिथं गुळगुळीत बेट दिसतं तिथं पोत गेलाय. वर एक कर्व्हजचा लेयर टाकून कॉन्ट्रास्ट मुद्दाम भरपूर वाढवला तर लपलेली ठिगळंही उघडी पडतात. तपासणी झाली की तो लेयर काढून टाकायचा.

एक गोष्ट कुठल्याच साधनानं होत नाही. जो पोत फोटोत नाही तो आणता येत नाही. मोबाइलचा ब्यूटी मोड चालू ठेवून फोटो काढला असेल, तर कातडी कॅमेऱ्यातच पुसली गेली. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आला असेल, तर तो आकारानं लहान होऊन, दाबून आलाय. मग बारीक छिद्रांच्या जागी चौकोनी ठोकळे राहतात, आणि हीलिंग ब्रश शेजारून ते ठोकळेच उचलून आणतो.

राहिला व्रणाचा प्रश्न, आणि तो निव्वळ कारागिरीचा नाही. पुटकुळी आठ-पंधरा दिवसांत जाणार, ती काढली तर माणूस बदलत नाही. भुवईतला लहानपणी पडल्याचा व्रण मात्र घरच्यांच्या ओळखीचा असतो. न विचारता तो काढू नये. नवरीला तो नकोच असेल तर वेगळ्या लेयरवर बुजवून त्या लेयरची अपारदर्शकता पन्नास-साठ टक्क्यांवर आणावी. व्रण फिका होतो, नाहीसा होत नाही. सरकारी कागदपत्रांच्या फोटोत मात्र तीळ, व्रण, काहीच बदलू नये. तो फोटो ओळख पटवण्यासाठी असतो आणि पासपोर्टसाठी चेहऱ्यात फेरफार केलेला फोटो चालत नाही.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी ती म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंची. आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं हिरवं गोंदण स्पॉट हीलिंग ब्रशच्या लेखी एक डागच असतं. एका टिचकीत जातं. जुन्या पिढीत कुणाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असतात. ते छिद्रांपेक्षा मोठे आणि खोल, म्हणून घाईत काम करणारा ते पुटकुळ्या समजून एकामागून एक भरत जातो. भिंतीवर लावायला मोठा केलेला फोटो घरी येतो आणि नातवंडं विचारतात, ही कोण?

तेव्हा स्टुडिओत फोटो सुधारायला देणार असाल तर मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काय काढायचं ते सांगाच, पण काय ठेवायचं तेही सांगा, तीळ, व्रण, गोंदण, एकेक नाव घेऊन. आणि मोठी प्रत छापायच्या आधी पडद्यावर शंभर टक्क्यांत चेहरा दाखवायला सांगा.