‘कळवतो’ म्हणून गेलेली माणसे

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर किंवा विजयनगरच्या एखाद्या ऑफिसात चहाच्या वेळी हमखास कानी पडणारे एक वाक्य आहे: ‘त्याने घोस्ट केलं यार.’ शेजारी बसलेल्या पन्नाशीतल्या साहेबांना वाटते, कुणीतरी फोन उचलला नसेल. तरुण सहकाऱ्यांना मात्र एवढेच म्हणायचे नसते. दोन दिवस उत्तर आले नाही तर ते ‘बिझी असेल’ म्हणतात. घोस्ट हे क्रियापद ते बरेच जपून वापरतात.

हे क्रियापद लागू व्हायला आधी बोलणे चालू असावे लागते आणि पुढच्या उत्तराची रास्त अपेक्षा असावी लागते. मग एक बाजू काहीही न सांगता आणि समजून उमजून गप्प होते. अनोळखी माणसाच्या मेसेजला उत्तर न देणे यात बसत नाही. भांडून, सांगून संबंध तोडणेही बसत नाही. हा शब्द प्रेमप्रकरणांतून आला. मेरियम-वेब्स्टर कोशाने तो अर्थ 2017 साली नोंदवला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2018 मध्ये, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या ‘बेज बुक’ या अहवालात तो आला. न सांगता कामावर यायचे थांबणाऱ्या आणि मग कुठेच न सापडणाऱ्या कामगारांबद्दल मालकांची ती तक्रार होती. आपल्याकडचे एचआर अशा नोकराला ‘अ‍ॅबस्कॉंडिंग’ म्हणतात आणि फायलीत तसा शेराही मारतात. ऑफर घेऊन न आलेला उमेदवार हा मात्र त्यांच्या लेखी ‘नो-शो’.

या नो-शोची गोष्ट बहुधा अशी घडते. पुण्याची एखादी कंपनी इंदूरच्या मुलाला ऑफर देते. तो ई-मेलवर होकार कळवतो आणि आहे त्या नोकरीचा राजीनामा देतो. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. एचआरची मुलगी दर पंधरवड्याला फोन करते, तो ‘येतोय ना’ म्हणतो. याच काळात तो ते ऑफर लेटर दाखवून आणखी दोन ठिकाणी पगार वाढवून मागत असतो. साठाव्या दिवसानंतर उत्तरे आखूड होतात: ‘हो’, ‘ओके’, मग नुसता अंगठा. रुजू होण्याच्या दिवशी लॅपटॉप तयार, फोन बंद. जाणकार एचआर या आखूड होत जाणाऱ्या उत्तरांवरूनच ओळखते आणि दुसरा उमेदवार हाताशी ठेवते.

मुलाला दोष देणे सोपे आहे. पण याच मुलाला आधी कुणीतरी तीन फेऱ्या मुलाखत घेऊन, ‘वी विल गेट बॅक टू यू’ म्हणून वाऱ्यावर सोडलेले असते. हा धडा त्याला कंपन्यांनीच दिला, असे म्हणायला हरकत नाही.

समोरचा मुद्दाम गप्प आहे की अडकला आहे, हे ठरवायला मंडळी व्हॉट्सॲपच्या खुणा वाचतात. तिथे घोटाळे पुष्कळ होतात. एकच टिक म्हणजे मेसेज पोचला नाही; पण ब्लॉक केले तरी एकच टिक आणि फोन बंद असला तरी एकच. निळ्या टिका 2014 च्या नोव्हेंबरात आल्या, पण त्या बंद करता येतात आणि मग वाचलेला मेसेजही करडाच दिसतो. ग्रुपमध्ये मात्र ही सोय चालत नाही: आपलाच मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली की कुणी वाचला ते दिसते. ऑफिसातली बरीच ‘घोस्टिंग’ची प्रकरणे इथेच उघडी पडतात.

जुन्या पिढीला वाटते, आमच्या वेळी असे नव्हते. होते की! रामबागेतल्या मराठी घरांत मुलगी पाहून गेलेली मंडळी ‘नंतर कळवतो’ म्हणत आणि पुष्कळदा कळवत नसत. पण त्या ‘कळवतो’चा अर्थ दोन्हीकडे ठाऊक असे. पुढे पत्रिका परत येई, नाहीतर मध्यस्थ ‘पत्रिका जुळत नाही’ एवढा निरोप आणी. कारण खोटे असेल, पण प्रकरण संपल्याचे कळे आणि मुलीचे वडील दुसरे स्थळ पाहायला मोकळे होत. आजच्या मुलांची तक्रार नकाराबद्दल फारशी नाही. आपण मोकळे झालो की नाही, हेच त्यांना कळत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने यावर कायदाच केला. 1 जानेवारी 2026 पासून तिथे पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांत निवडीचा निर्णय झाला की नाही, हे उमेदवाराला कळवावे लागते. ऑफर घेऊन गायब होणाऱ्या उमेदवाराला मात्र ही तरतूद कसलेच बंधन घालत नाही.