सत्तर रुपयांना नव्वदचं उत्तर

समजा, गटाच्या फोडलेल्या चिंचेचा भाव आपण ९५ रुपये किलो सांगितला आणि दलालाचा फोन आला, "ताई, पार्टी सत्तरच म्हणते." रागावू नका, लगेच हो म्हणू नका. आधी वही काढा.

शंभर किलो शेंग ३० रुपयांनी घेतली. टरफल, शिरा, चिंचोके गेले की गर साधारण पन्नास किलो उरतो. म्हणजे फोडायच्या आधीच गर ६० रुपयांना पडला. त्यात मजुरी १५, पोती-टेम्पो ५. चिंचोके विकून किलोमागे ५ परत आले. घरात ७५ पडले. सत्तरला दिली तर तोटाच.

मग दलालाला सांगा, "नव्वद. त्यांना म्हणा, दोन किलो शेंगेला एक किलो गर निघतो, चिंचोका राहिलेला दिसला तर पोतं परत. टेम्पो-पोती त्यांची असतील तर पंच्याऐंशी. भाव शनिवारपर्यंत, पैसे माल उचलताना." हे व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा, म्हणजे तो पुढे तसंच दाखवेल.

"आम्हाला कर्जाचा हप्ता भरायचाय" हे कारण मात्र देऊ नका. ते ऐकून गिऱ्हाईक आणखी दाबतं. आणि ७५ चा आकडा दलालालाही सांगायचा नाही. सौदा झाला की त्याची दलाली सुटते, त्यामुळे त्याला घाई असते; माणूस वाईट नसतो.

पार्टी ऐंशी म्हणाली, तर पाच रुपये उरतात. घ्यायचे की थांबायचं, ते बैठकीत ठरवा. पावसाळा जवळ आला असेल तर थांबू नका, दमट हवेत गर काळा पडतो.